नवरात्रातली अ‍ॅसिडिटी आणि डोकेदुखी : नक्की कशामुळे?

मोगरी

आमच्याकडे घट बसतात आणि नऊ दिवसांचे उपवास मी धरते. आधी सासूबाई धरायच्या. मला ते मनापासून करायचे असतात, त्यामुळे "कशाला करतेस" असा सल्ला कृपया नको. प्रश्न त्रासाचा आहे.

आज दुसरी माळ. दुपारपासून डोकं असं ठणकतंय की स्क्रीनकडे बघवत नाही. दरवर्षी हेच होतं. चौथ्या-पाचव्या माळेपर्यंत डोकं आपोआप उतरतं, पण रात्रीची जळजळ मात्र दिवसागणिक वाढत जाते. घशाशी आंबट पाणी येतं, दोन उशा घेऊन झोपावं लागतं.

दिनक्रम सांगते. पहाटे उठून पूजा, माळ, मग मुलांचे डबे आणि घरातल्या बाकीच्यांचा स्वयंपाक. एरवी माझे दिवसाला चार-पाच कप चहा होतात, नवरात्रात चहा पूर्ण बंद. देवीपुढे तसं बोललेलं आहे. सकाळी एक केळं, दुपारी ऑफिसात राजगिऱ्याचा लाडू किंवा एखादं फळ. पाणी कामाच्या नादात राहूनच जातं. संध्याकाळची आरती झाली की नऊच्या सुमारास फराळ : भगर, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, कधी साबुदाण्याचे वडे. साडेदहाला पाठ टेकते.

सगळे म्हणतात रिकाम्या पोटात अ‍ॅसिड साठतं आणि तेच डोक्यात चढतं. खरंच असं होतं का?

खानदेशी

हो, तसंच असतं. माझ्या आईला चतुर्थीला हमखास पित्त व्हायचं. कपाळाची एक बाजू धरून अंधाऱ्या खोलीत पडून राहायची, उजेड नको, आवाज नको. मग एक पिवळी कडू उलटी झाली की तासाभरात डोकं उतरायचं. पित्त पडलं की डोकं थांबतं हे मी स्वतः बघितलंय.

हिशेबी

पोट रिकामं ठेवलं की अ‍ॅसिडला पचवायला काही मिळत नाही, मग ते जठराचीच भिंत खातं. साधी गोष्ट आहे. दर दोन तासांनी अर्धा कप थंडगार दूध घ्या, जळजळ राहणार नाही. मी गेली कित्येक वर्षं एकादशीला हेच करतो.

पुणेकर_तेजू

मी सोळा तासांचं इंटरमिटंट फास्टिंग करते, मला काही होत नाही. वजनही उतरलंय. सुरुवातीला काळी कॉफी घ्यायची, भूक मरते. डाएट चार्ट हवा असेल तर सांगा.

सांजवात

तेजू, त्या वजन कमी करायला उपवास करत नाहीयेत गं.

मोगरीताई, माझंही अगदी असंच होतं. एक गंमत सांगते. साधी पॅरासिटामॉल घेतली तर काही फरक पडत नाही, पण सॅरिडॉन घेतली की अर्ध्या तासात डोकं मोकळं. मी पण उपवासाला चहा सोडते.

दवाखानेवाला

तालुक्याच्या ठिकाणी जनरल प्रॅक्टिस करतो. अश्विनात रोज दोन-चार पेशंट हीच तक्रार घेऊन येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मोगरीताई, तुमच्या वर्णनातच उत्तर आहे. डोकं दुखतं दुपारी, जळजळ होते रात्री. डोकं पाचव्या माळेला थांबतं, जळजळ वाढत जाते. दोन्हींचं कारण एकच असतं तर दोन्ही बरोबर चढली-उतरली असती. हे दोन वेगळे त्रास आहेत आणि उपवासात ते शेजारी शेजारी येतात एवढंच.

आधी डोकं. दिवसाला चार-पाच कप चहा घेणाऱ्या माणसाने तो एकदम बंद केला की साधारण बारा ते चोवीस तासांत डोकं दुखायला लागतं, पहिल्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त दुखतं आणि आठवडाभरात, बहुतेकांचं त्याआधीच, थांबतं. कॅफीनमुळे डोक्यातल्या रक्तवाहिन्या जरा आवळलेल्या राहतात. ते मिळेनासं झालं की त्या सैल पडतात आणि ठणका सुरू होतो. तुमची दुसरी माळ ते पाचवी माळ हे गणित यात नेमकं बसतं. सांजवातताईंच्या सॅरिडॉनचं कोडंही इथेच सुटतं. त्या गोळीत पॅरासिटामॉलबरोबर 50 मिलिग्रॅम कॅफीन असतं, म्हणजे साधारण एका कप चहाएवढं. तुम्ही चहा सोडलाय आणि गोळीतून तोच घेताय. मात्र त्या गोळीत तिसरं एक वेदनाशामकही आहे. रिकाम्या पोटी ती घ्यायची सवय लावू नका.

दुसरं कारण पाणी आणि मीठ. उपवासात इन्सुलिन खाली येतं तेव्हा मूत्रपिंडं एरवीपेक्षा जास्त मीठ आणि त्याबरोबर पाणी बाहेर टाकतात. तुमच्या दिवसभराच्या खाण्यात केळं, लाडू, फळ, म्हणजे मीठ जवळजवळ नाहीच. त्यात ऑक्टोबरचं ऊन आणि पाणी राहून जातंय. उठून उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते का? लघवी गडद पिवळी होते का? होत असेल तर हे कारण धरा. दुपारी ग्लासभर पातळ ताकात सैंधव घालून घ्या. सैंधव उपवासाला चालतं आणि शरीराच्या दृष्टीने ते मीठच आहे. ज्यांना रक्तदाबाचा किंवा किडनीचा त्रास आहे त्यांनी हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच करावं.

जळजळीबद्दल रात्री लिहितो, ओपीडी सुरू झाली.

मोगरी

डॉक्टर, अंधारी येते. ऑफिसच्या जिन्यात दरवर्षी येते. मी ते उपवासाचंच लक्षण समजत होते. पण चहाचं काय करू? बोललेलं मोडायचं नाहीये.

वाळवंटातला_मराठी

मी दुबईत आहे. आमच्या ऑफिसातल्या सहकाऱ्यांना रमजानच्या पहिल्या तीन-चार दिवसांत अशीच डोकेदुखी होते. त्यांच्यातले जुने लोक रमजान लागायच्या आठवडाभर आधीपासून चहा-कॉफी कमी करत आणतात. त्यांना त्रास होत नाही, ऐन दिवशी बंद करणाऱ्यांना होतो. तुमच्याकडे तर नवरात्राआधी अख्खा पितृपक्ष असतो.

सांजवात

पितृपक्षाची कल्पना छान आहे! दर दोन दिवसांनी एक कप कमी केला तर घट बसेपर्यंत चहा शून्यावर येईल.

वैद्यबाई

आयुर्वेदाची वैद्य म्हणून लिहिते. नवरात्र शरद ऋतूत येतं आणि शरदात पित्ताचा प्रकोप होतो हे आपल्या ग्रंथांनी सांगून ठेवलंय. पावसाळ्यात साठलेलं पित्त ऊन पडलं की उफाळतं. अशा काळात शेंगदाणे, बटाटा, तळण, हिरवी मिरची हे सगळं उष्ण, जड, विदाही. फराळाच्या नावाखाली नेमकं तेच खाल्लं जातं. साबुदाणा तर परदेशातून आलेल्या कंदाचा, जुन्या उपवासात तो नव्हताच. भगर, राजगिरा, दूध-तूप, मनुका, आमसुलाचं सार एवढ्यावर नऊ दिवस सुखाने निघतात. खानदेशी यांच्या आईचंही ते पित्तच होतं, पित्त पडल्यावर शिरःशूल थांबतो हा रोजचा अनुभव आहे.

पेन्शनर_काका

मी नऊ दिवस करत नाही, उठता-बसता करतो. मला शुगर आहे. घट बसले त्या दिवशी सकाळची शुगरची गोळी नेहमीप्रमाणे घेतली आणि फक्त फळांवर राहिलो. अकराच्या सुमारास डोकं दुखलं, घाम फुटला, हात थरथरायला लागले. सौ. म्हणाली पित्त झालंय, तिने लिंबू-सोडा दिला. त्यात साखर होती म्हणून असेल, बरं वाटलं. हे पित्तच ना?

दवाखानेवाला

काका, हे पित्त नाही. ही साखर खाली गेली होती आणि त्या लिंबू-सोड्यातल्या साखरेने तुम्हाला सावरलं. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या तुम्ही खाल्लंय की नाही ते बघत नाहीत, इन्सुलिन सोडायला लावतातच. घाम, थरथर, छातीत धडधड, डोकेदुखी असं एकत्र आलं की लगेच ग्लुकोमीटरने साखर बघायची. 70 च्या खाली असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून घ्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची. मीटर हाताशी नसेल तर साखर आधी, तपासणी नंतर. शेवटच्या दिवशीचा उपवास धरायच्या आधी तुमच्या डॉक्टरांना फोन करा. कोणती गोळी, किती, कधी, हे ते बदलून देतील. आपल्या मनाने गोळी बंदही करू नका.

पेन्शनर_काका

उद्याच करतो. धन्यवाद डॉक्टर.

दवाखानेवाला

आता जळजळ. हिशेबी म्हणतात ते अर्धं बरोबर आहे. रिकाम्या जठरात रस तीव्र आंबट असतो हे खरं. अन्न आलं की ते आंबटपणा शोषून घेतं, उपवासात शोषायला कुणी नसतं. पण अ‍ॅसिड "साठत" जात नाही. पोट रिकामं असताना रस थोडाच झिरपतो, जेवण झाल्यावर कितीतरी पट जास्त सुटतो. आणि जठराच्या आतून चिकट श्लेष्माचा थर असतो, तो भिंत सांभाळतो. निरोगी जठर एका दिवसाच्या उपवासाने स्वतःला खात नाही. त्या थराला खरी इजा करतात त्या रिकाम्या पोटी घेतलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या. डोकं दुखतंय म्हणून उपवासात ती गोळी घेतली आणि रात्री पोट पेटलं, असे पेशंट मी दरवर्षी बघतो.

न खाता रस सुटण्याची एक वाट मात्र आहे आणि मोगरीताई रोज त्यावरून जातात. अन्न दिसलं, फोडणीचा वास आला की मेंदू जठराला हुकूम सोडतो. रशियातल्या पावलॉव्ह यांनी हे कुत्र्यांवर दाखवलं, पचनावरच्या कामासाठी 1904 साली त्यांना नोबेलही मिळालं. स्वतः उपाशी राहून घरच्यांचा साग्रसंगीत स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या पोटात सकाळी आठला जी खळबळ होते ती ही. जेवणाच्या ठरलेल्या वेळीही तसंच. एकला जेवायची सवय असेल तर एकला भुकेचं संप्रेरक वर जातं, पोट गुरगुरतं, आणि काही न खाताही तास-दोन तासांत ते उतरतं. ती वेळ पाणी किंवा ताक पिऊन काढता येते.

पण ताई, तुमची मुख्य तक्रार दिवसाची नाहीच. दिवसभर उपाशी असताना जळजळ नाही, खाऊन आडवं झाल्यावर आहे. म्हणजे दोष रिकाम्या पोटाचा कमी आणि रात्रीच्या ताटाचा जास्त. दाण्याची आमटी, वडे, दाण्याचा कूट, सगळं स्निग्ध. स्निग्ध अन्न जठरात बराच वेळ थांबतं आणि अन्ननलिकेच्या तळाची झडप सैल करतं. दिवसभराचं एकदम खाल्ल्यामुळे जठर तट्ट भरलेलं. नऊला खाऊन साडेदहाला आडवं झालात की तो आंबट रस सरळ वर येतो. जठराला श्लेष्माचं अस्तर आहे, अन्ननलिकेला तसं नाही, म्हणून आग होते. त्यात अ‍ॅसिडचा स्वतःचा दिनक्रमही असा की रात्री उशिरा ते एरवीही जास्त असतं.

उपाय त्यातच आहे. मुख्य फराळ संध्याकाळी सातच्या आत, निदान झोपायच्या तीन तास आधी. आरती नऊला असेल तर आरतीनंतर फक्त प्रसाद. वडे, कूट, आमटी यांतलं एकच, तेही थोडं. दुपारी लाडवाऐवजी वाटीभर भगर आणि ताक नेलंत तर रात्रीचा ढीग आपोआप कमी होईल. उशा दोन घेऊन मान दुमडते आणि पोट दाबलं जातं. त्याऐवजी पलंगाचे डोक्याकडचे पाय विटेवर चढवा, आणि डाव्या कुशीवर झोपा.

हिशेबी

मग दुधाने मला बरं कसं वाटतं? अनुभव खोटा कसा म्हणणार?

दवाखानेवाला

अनुभव खोटा नाही. दूध गेल्या गेल्या अ‍ॅसिड सौम्य करतं, पण दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम तासाभराने जठराला पुन्हा रस सोडायला लावतात. म्हणून तुम्हाला दर दोन तासांनी घ्यावं लागतंय. एकादशीपुरतं काही बिघडत नाही. नऊ दिवस रात्री झोपताना ग्लासभर दूध हा उपाय मात्र मी सांगणार नाही.

वैद्यबाई

इथे आमचं जमणार नाही, डॉक्टर. गाईचं दूध तूप घालून, योग्य वेळी, हे पित्तशामकच. माझ्या रुग्णांना गुण येतो. बाकी रात्रीच्या जड फराळाबद्दल एकमत.

नाशिकची_मैना

माझा वेगळा प्रश्न. मला डॉक्टरांनी पँटोप्राझोल दिलीय, सकाळी उपाशीपोटी. उपवासाच्या दिवशी मी ती सहाला घेते आणि खाणं थेट संध्याकाळी. तरी रात्री जळजळ होतेच. गोळी खोटी असेल का?

दवाखानेवाला

गोळी खरी असेल, वेळ चुकतेय. ही गोळी जठरातले जे अ‍ॅसिडचे पंप त्या वेळी चालू असतात त्यांनाच बंद करते. पंप जागे होतात खाल्ल्यावर. म्हणून ती खाण्याआधी अर्धा तास घ्यायची असते. सकाळी गोळी घेऊन दिवसभर खाल्लं नाही तर पंप झोपलेले, आणि गोळी रक्तातून दोन-चार तासांत निघून जाते. संध्याकाळी तुम्ही खाता तेव्हा अडवायला फारसं कुणी उरत नाही. उपवासाच्या दिवसांत मुख्य फराळाच्या अर्धा तास आधी घेऊ का, असं ज्यांनी दिली त्यांना विचारा.

खानदेशी

डॉक्टर, माझ्या आईचं राहिलं. पिवळी उलटी झाल्यावर डोकं थांबायचं, हे तुमच्या हिशेबात कुठे बसतं?

दवाखानेवाला

मुद्दामच शेवटी ठेवलं, कारण यावर घरोघरी गैरसमज आहे. एक बाजू, उजेड सहन न होणं, आवाज नको, मळमळ, उलटीनंतर आराम : हे अर्धशिशीचं वर्णन आहे. जेवणाची वेळ टळणं हे अर्धशिशी सुरू होण्याचं फार नेहमीचं कारण. अर्धशिशीत जठर मंदावतं, मळमळ ही त्या झटक्याचाच भाग असते. म्हणजे पोटामुळे डोकं दुखत नाही, डोक्यातल्या झटक्यामुळे पोट ढवळतं. उलटीत पिवळं-कडू येतं कारण पोटात दुसरं काही नसतं. उलटीनंतर बऱ्याच जणांचा झटका ओसरतो, का ते मला नीट पटेल असं सांगता येणार नाही. पण हे कळल्याने फरक पडतो. पित्त समजून वर्षानुवर्षं अँटासिड पिणाऱ्यांना अर्धशिशीची औषधं मिळाली की महिन्याचे झटके कमी होतात. आईंना महिन्याला किती वेळा व्हायचं? उपवास नसतानाही, जागरणाने, उन्हाने व्हायचं का?

खानदेशी

लग्नकार्यात जागरण झालं की व्हायचंच. उन्हातून आली की व्हायचं. आता माझ्या बहिणीला होतं. तिला दाखवायला सांगतो.

वैद्यबाई

अर्धावभेदक आम्हीही वेगळा मानतो, त्यामुळे एवढं मान्य. पण पित्ताचा संबंध तुम्ही पूर्ण तोडताय ते मला पटत नाही.

पुणेकर_तेजू

या धाग्यामुळे कळलं की माझी काळी कॉफी हेच माझं डोकं न दुखण्याचं कारण आहे. 😄

कोकणकडा

भगरीवरून एक सांगतो. मागे आमच्या गावात सप्ताहात भगर खाऊन एकाच वेळी बऱ्याच जणांना उलट्या आणि चक्कर झाली होती. सगळे उपवासाचं पित्त म्हणत होते. नंतर कळलं की भगरीला बुरशी लागली होती. सुटं पीठ घेऊ नका, भगर निवडून धुऊन घ्या, शिळी खाऊ नका.

दवाखानेवाला

महत्त्वाचं. एकाच ताटातून खाल्लेल्या दोघा-तिघांना एकदम उलट्या, चक्कर, थरथर सुरू झाली तर ते पित्त धरून घरी बसायचं नाही. काळी शौच, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसलं तरीही लगेच दवाखाना. आणि चाळिशीपुढच्यांना घाम फुटून, दम लागून छातीत किंवा जबड्यात दाबल्यासारखं झालं तर "उपवासाची अ‍ॅसिडिटी" म्हणून सोडा पाजू नका, आधी ईसीजी.

मोगरी

आज नववी माळ. सगळ्यांसाठी लिहिते.

फराळ पावणेसातला आणला. नवऱ्याने आरतीही साडेसातला घेतली, शेजारच्या काकूंना जरा नवल वाटलं. दुपारी डब्यात भगर आणि ताक. वडे घरात झाले, पण मी एकच खाल्ला आणि तोही दुपारी. तिसऱ्या रात्रीपासून घशाशी पाणी येणं थांबलं. छातीत थोडं जड वाटतं, पण एका उशीवर झोपतेय. सैंधवाचं ताक सुरू केल्यापासून जिन्यात अंधारी आली नाही.

डोकं पाचव्या माळेला नेहमीसारखं उतरलं, त्यामुळे ते ताकाने की चहाच्या सवयीने, हे मला सांगता येत नाही. पुढच्या पितृपक्षात चहा कमी करत आणणार आहे, तेव्हा कळेल. पण काल अष्टमीला पुन्हा दुखलं. होमामुळे झोप झाली नाही, दिवसभर धूर, आणि या वेळी फक्त उजवीकडे. मळमळ होती, उलटी नाही. आता चहाचा संबंध नसणार ना?

दवाखानेवाला

आठव्या माळेला चहाचा संबंध नसावा. एक बाजू, मळमळ, जागरण, धूर. एकदा झालं म्हणून नाव देणार नाही. दसऱ्यानंतर दोन-तीन महिने वहीत नोंद ठेवा : तारीख, किती तास दुखलं, आदल्या रात्रीची झोप, जेवण कधी टळलं, पाळीचे दिवस. परत झालं तर ती वही घेऊन जवळच्या डॉक्टरांना दाखवा. आणि उद्या पारण्याला पुरणपोळ्यांवर तुटून पडू नका. सकाळी वरण-भात, तूप, लिंबू एवढंच, पुरण दुपारी.

मोगरी

पुरण दुपारीच घालते. वही आजपासूनच सुरू करते.

सांजवात

मोगरीताई, पितृपक्षात चहा कमी करताना इथे लिहा हं. मीही तुमच्याबरोबर करणार आहे.